भिशी मध्येच सोडताना: भरलेले हप्ते परत कसे मिळवायचे

बारा जणींची भिशी, महिन्याला ५,००० रुपये. पाच हप्ते भरून झाले आणि घरात अशी अडचण आली की सहावा हप्ता भरणं मला शक्य नव्हतं. माझा नंबर अजून लागला नव्हता. मी भिशी चालवणाऱ्या काकूंकडे गेले आणि म्हणाले, "काकू, माझे पंचवीस हजार परत द्या, मी थांबते." काकू म्हणाल्या, "अगं, पैसे काय माझ्या कपाटात ठेवलेत? ज्यांना लागली त्या घेऊन गेल्या."

मला ती पळवाट वाटली. आवाज चढला, आठ दिवस बोलणं बंद झालं. पण काकूंचं म्हणणं खरं होतं. पुढे वही घेऊन शांतपणे हिशोब मांडला तेव्हा दिसलं की माझे पैसे बुडालेले नाहीत, ते कोणाकोणाकडे आहेत हे बोट ठेवून सांगता येतं आणि कोणाचंही नुकसान न करता ते परत येऊ शकतात. ही मांडणी आधी माहीत असती तर ते भांडण टळलं असतं. भिशी सोडायच्या विचारात असलेल्यांना ती उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा लेख ओळखीपाळखीतल्या घरगुती भिशीबद्दल आहे. नोंदणी केलेल्या चिट फंडाला भारतात १९८२ चा वेगळा कायदा लागू होतो. तिथे सभासदाने मध्येच हप्ते थांबवले तर काय करायचं हे त्या कायद्यात आणि तुमच्या करारात लिहिलेलं असतं, तेव्हा तो करार आधी वाचा.

१. आधी हे बघा: तुमची भिशी लागून गेली आहे की नाही

सगळा हिशोब या एका गोष्टीवर फिरतो.

भिशी लागलेली नसेल तर तुम्ही इतरांना पैसे दिलेले आहेत आणि ते तुम्हाला येणं आहे. भिशी लागून गेली असेल तर तुम्हाला इतरांचे पैसे मिळालेले आहेत आणि ते तुमच्याकडून देणं आहे. दुसऱ्या परिस्थितीत 'भिशी सोडणं' असं काही नसतंच, उरलेले हप्ते फेडणं एवढंच असतं. समजा मला तिसऱ्या महिन्यात ६०,००० मिळाले असते आणि पाचव्या महिन्यानंतर मला थांबायचं असतं, तर मी २५,००० भरलेले आणि ६०,००० घेतलेले. म्हणजे ३५,००० माझ्याकडून निघतात. तेव्हा ज्या सात जणींना भिशी लागायची बाकी होती, त्या प्रत्येकीचा एकेक हप्ता माझ्याकडे अडकलेला असता. तो ज्याच्या त्याच्या महिन्यात पोचवायलाच हवा. फार तर "मला हप्ता लहान करून जास्त महिन्यांत फेडू द्या" अशी विनंती करता येते, आणि तीही ज्यांचा नंबर बाकी आहे त्यांच्यासमोर, फक्त चालवणाऱ्याकडे नाही.

इथून पुढचं सगळं पहिल्या परिस्थितीसाठी आहे: हप्ते भरलेत, भिशी लागलेली नाही.

२. पैसे कुठे आहेत ते वहीत मांडा

माझ्या भिशीत पाच महिन्यांत पाच जणींना भिशी लागली होती. प्रत्येकीला मिळालेल्या ६०,००० मध्ये माझे ५,००० होते. म्हणजे माझे २५,००० एका ठिकाणी नव्हते, पाच घरांत पाच-पाच हजार असे होते. नियम एवढाच: ज्यांना भिशी लागली, त्या प्रत्येकाकडे तुमचा एक हप्ता आहे. ज्यांना लागलेली नाही, त्यांच्याकडे तुमचं काहीही नाही. त्यांच्याकडून काही मागूही नका.

आता मी निघून गेल्यावर काय होतं ते बघा. उरल्या अकरा जणी, त्यांतल्या सहा जणींचा नंबर बाकी. सहाव्या महिन्यापासून अकरा हप्ते जमतात, म्हणजे रक्कम ६०,००० ऐवजी ५५,००० होते. सहा महिने, सहा जणी, अकराव्या महिन्यात शेवटचा नंबर लागतो.

या सहा जणींपैकी प्रत्येकीने एकूण अकरा हप्ते भरले, म्हणजे ५५,०००, आणि तिला मिळाले ५५,०००. बरोबर बसलं.

आधीच्या पाच जणींना मात्र मिळाले होते ६०,००० आणि भिशी अकराव्या महिन्यात संपली तर त्यांनीही भरले फक्त ५५,०००. प्रत्येकीकडे ५,००० जास्त राहिले. हेच माझे ५,०००.

म्हणून उपाय असा: भिशी ठरल्याप्रमाणे बाराव्या महिन्यापर्यंत चालवायची, पण बाराव्या महिन्यात हप्ता फक्त त्या पाच जणींनी भरायचा. पाच गुणिले पाच हजार, पंचवीस हजार. ते माझे. पाच जणींनी भरले ६०,००० आणि घेतले ६०,०००, सहा जणींनी भरले ५५,००० आणि घेतले ५५,०००, मी भरले २५,००० आणि घेतले २५,०००. कोणालाही एक रुपया जास्त पडला नाही. त्या पाच जणींना तर नवीन काही द्यायचंच नव्हतं, बारावा हप्ता त्यांनी भरायचाच होता.

तुमच्या भिशीत सभासद आणि महिने वेगळे असतील, पण एका महिन्यात एकाच व्यक्तीला भिशी लागत असेल तर मांडणी हीच राहते.

बऱ्याच ठिकाणी पहिली भिशी चालवणारी व्यक्ती स्वतः घेते, मेहनतीचा मोबदला म्हणून. तसं असेल तर तुमचा पहिला हप्ता त्यांच्याकडे आहे. हे विसरलं जातं, कारण चिठ्ठी निघालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलेलं नसतं.

लिलावाच्या भिशीत दर महिन्याचा हप्ता वेगळा असतो. ६०,००० ची भिशी कोणी ५०,००० ला उचलली तर राहिलेले १०,००० बारा जणांत वाटले जातात आणि प्रत्येकाला हप्ता साधारण ४,१६७ रुपयेच पडतो. तिथे 'पाच हप्ते म्हणजे पंचवीस हजार' असं म्हणू नका. तुमच्या हातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम महिन्यागणिक लिहा आणि तेवढीच मागा. ज्याने त्या महिन्याची भिशी उचलली, त्याच्याकडे तुमची तेवढी रक्कम आहे.

३. सांगण्याआधी ही कागदपत्रं हाताशी ठेवा

- कोणत्या महिन्यात कोणाला भिशी लागली याची तारखेसह यादी. ही सगळ्यांत महत्त्वाची. ती नसेल तर पैसे कोणाकडे आहेत हेच सांगता येत नाही.
- तुम्ही भरलेल्या प्रत्येक हप्त्याचा पुरावा: यूपीआयची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, वहीतल्या तुमच्या पानाचा फोटो. रोख दिलं असेल तर "हप्ता मिळाला" असा मेसेज.
- सुरुवातीला ठरलेले नियम. बहुतेकदा ते ग्रुपवरच्या पहिल्या काही मेसेजमध्ये असतात. मध्येच सोडलं तर एक हप्ता कापणार, बदली माणूस द्यावा लागेल, असं काही लिहिलंय का ते शोधा.

भिशीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रागाच्या भरात सोडू नका. सोडलात तर पुढे कोणाला लागली, काय ठरलं, काहीच कळत नाही, आणि "ती तर स्वतःच निघून गेली" असं म्हणायला जागा राहते. आधी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ग्रुप सोडायचा तो शेवटचा रुपया हातात आल्यावर.

४. योग्य दिवशी आणि लेखी सांगा

चिठ्ठी निघाल्यानंतर आणि पुढचा हप्ता द्यायच्या आधी, हा सोडण्याचा सरळ दिवस. हप्ता अर्धवट देऊन किंवा चिठ्ठीच्या आदल्या दिवशी सांगून थांबलात तर त्या महिन्यात जिचा नंबर लागतो तिला अचानक कमी पैसे मिळतात. तिने तेवढ्या रकमेवर काही ठरवलेलं असतं. एकूण हिशोबात तिचं नुकसान होत नाही हे खरं, पण गरजेच्या दिवशी ५,००० कमी पडणं हा त्रास खराच आहे. शक्य असेल तर एक हप्ता आणखी भरा आणि महिन्याची सूचना द्या. मला ते जमलं नाही, आणि सहाव्या महिन्यात जिला लागली तिची मी स्वतः जाऊन माफी मागितली.

सगळ्यांत वाईट मार्ग म्हणजे काही न बोलता हप्ता थांबवणं. त्या क्षणापासून तुम्ही 'सोडणारी' न राहता 'हप्ता बुडवणारी' होता, आणि भरलेले पैसे परत मागायची तुमची बाजू लंगडी पडते.

आधी प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर सांगा. मग त्याच दिवशी मेसेज पाठवा. मी पाठवला तो साधारण असा होता:

> काकू, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे घरच्या अडचणीमुळे मी पाचव्या महिन्यानंतर भिशी थांबवते आहे. मी पाच हप्ते, एकूण २५,००० रुपये भरले आहेत. माझी भिशी लागलेली नाही. बदली सभासद मिळाली तर उत्तम, नाहीतर परतफेड कशी करायची ते येत्या आठवड्यात बसून ठरवू. कृपया हा हिशोब बरोबर असल्याचं कळवा.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावर आलेलं "हो, बरोबर आहे" एवढं उत्तरही पुढे फार कामाचं ठरतं.

५. पैसे परत येण्याच्या तीन वाटा

पहिली वाट, बदली माणूस. ही जमली तर सर्वांत झटपट. नवीन व्यक्ती तुम्हाला तुमचे २५,००० देते, तुमच्या जागी उभी राहते, पुढचे सात हप्ते भरते आणि नंबर लागल्यावर ६०,००० घेते. उरलेल्यांना काही फरकच पडत नाही. नवीन व्यक्तीला हे का परवडावं? कारण उरलेल्या सात चिठ्ठ्यांत तिची एक असते, म्हणजे रक्कम लवकर हाती येण्याची शक्यता सुरुवातीपेक्षा बरीच जास्त. नंबर आधीच ठरलेले असतील आणि तुमचा आठवा असेल, तर तीन महिन्यांत ६०,००० मिळणार हे सांगता येतं. तुमचा नंबर बारावा असेल तर मात्र एकरकमी पंचवीस हजार देणारी व्यक्ती मिळणं कठीण. उगाच वाट बघत महिने घालवू नका.

यात एक खाच आहे. बदली माणूस तुम्ही आणलात आणि त्याने पुढे हप्ते थांबवले, तर सगळे तुमच्या दारात येतात. म्हणून त्या व्यक्तीला ग्रुपमध्ये घेताना चालवणाऱ्यांनी स्वतः लिहावं की या महिन्यापासून ही जागा अमुक यांची आणि पुढच्या हप्त्यांची जबाबदारीही त्यांचीच. हे लिहून झाल्याशिवाय देवाणघेवाण करू नका. पैसे रोख असतील तर चालवणाऱ्यांच्या समोर घ्या.

दुसरी वाट, शेवटच्या महिन्यात परतफेड. वर मांडलेला हिशोब तो हाच. कोणाच्या खिशावर भार नाही, म्हणून याला होकार लवकर मिळतो. पण तुम्हाला थांबावं लागतं आणि एक धोका पत्करावा लागतो. अकराव्या महिन्यात शेवटची चिठ्ठी निघाली की सगळ्यांच्या मनात भिशी संपते. बाराव्या महिन्यात त्या पाच जणींना एकत्र आणणारं काहीच उरत नाही. एखादी म्हणते, "आता कसला हप्ता? भिशी तर झाली." म्हणून हे आजच, भिशी चालू असतानाच, त्या पाच नावांसह लिहून घ्यायचं.

तिसरी वाट, चालू महिन्यांत थोडं थोडं. त्या पाच जणींनी सहाव्या ते दहाव्या महिन्यापर्यंत आपल्या हप्त्याबरोबर १,००० रुपये जास्त द्यायचे. दर महिन्याला ५,००० माझ्याकडे येतात, पाच महिन्यांत २५,००० पूर्ण होतात आणि त्यांचा बारावा हप्ता माफ. त्यांना पैसे थोडे आधी द्यावे लागतात, म्हणून सगळ्या तयार होतीलच असं नाही. माझ्या मते तरीही आधी हीच वाट सुचवावी, कारण भिशी चालू असेपर्यंत सगळे दर महिन्याला भेटतात आणि एखादा हप्ता राहिला तर लगेच दिसतो. माझ्याकडे दोघी तयार झाल्या, तिघींनी बारावा महिना मागितला. तसं मिश्र ठरवलं तरी हिशोब बिघडत नाही, कारण प्रत्येकीचा माझ्याशी हिशोब स्वतंत्र ५,००० चाच आहे.

एक मागणी मात्र करू नका: "पुढच्या महिन्याच्या भिशीतून माझे आधी काढून द्या." ते पैसे पुढच्या नंबरवाल्या व्यक्तीचे असतात. चालवणाऱ्याने भिडेखातर ते दिले तर खड्डा एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात सरकत जातो आणि शेवटच्या नंबरवालीच्या गळ्यात पडतो. भिशी बुडायची सुरुवात अशीच होते.

६. "एक हप्ता कापणार" म्हणाले तर

सुरुवातीला तसं ठरलं असेल आणि तुम्ही मान्य केलं असेल तर द्या. पण आधी न ठरवता आता कोणी कापायचं म्हणत असेल तर शांतपणे वरचा हिशोब समोर ठेवा आणि विचारा, "कापलेले पाच हजार कोणाला द्यायचे? कोणाचं किती नुकसान झालं?" या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येत नाही. सहा जणींचं नुकसान झालं नाही, पाच जणींचंही नाही. मग कापलेली रक्कम कोणाकडे राहणार हे आपोआप उघड होतं.

व्याज मात्र तुम्हीही मागू नका. चिठ्ठीच्या भिशीत कोणीच कोणाला व्याज देत नाही, उशिरा नंबर लागणाऱ्या सगळ्याच तेवढं सोडतात.

७. ठरलेलं एका पानावर उतरवा

स्टॅम्प पेपर हवाच असं नाही. साध्या कागदावर पुढची माहिती स्पष्ट हवी: भिशी कधी सुरू झाली, किती सभासद, हप्ता किती, तुम्ही कोणत्या महिन्यापर्यंत किती भरले, भिशी लागलेली नाही, कोणाकडून किती आणि कोणत्या तारखेपर्यंत येणं आहे, आणि त्या तारखेला एखादीने नाही दिले तर जबाबदारी कोणाची. या शेवटच्या ओळीवर अडतं. काकू म्हणाल्या, "मी कशी जबाबदारी घेऊ?" मी म्हणाले, "काकू, मी त्या पाचही जणींना ओळखत नव्हते. तुमच्या शब्दावर आले." त्यांनी थोडा विचार केला आणि सही केली. चालवणारी व्यक्ती ही ओळ लिहायला अजिबात तयार नसेल, तर निदान पाचही जणींच्या वेगवेगळ्या सह्या घ्या.

भारतात असे पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं असते. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं लेखी मान्य करून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजली जाते. म्हणजे या पानाचा उपयोग आठवणीपुरता नाही. प्रकरण तिथपर्यंत जाईल असं वाटलं तर वकिलाला हे पान आणि हप्त्यांचे पुरावे एकत्र दाखवा.

८. कधी थांबून चालणार नाही

वरची सगळी मांडणी भिशी नीट चालू आहे असं धरून केली आहे. काही खुणा दिसल्या तर बाराव्या महिन्यापर्यंत थांबू नका. नंबर लागूनही पूर्ण रक्कम न देता "अर्धी आता, अर्धी पुढच्या आठवड्यात" असं होतंय. वही दाखवायला टाळाटाळ होते. चिठ्ठी सगळ्यांसमोर न काढता नाव फक्त ग्रुपवर टाकलं जातं, आणि ज्यांचं नाव आलं त्यांना विचारलं तर पैसे मिळालेलेच नसतात. चालवणारी व्यक्ती घाईने दुसरी भिशी सुरू करते आणि तुम्हालाही तिच्यात ओढते.

अशा वेळी "कोणाला लागली" या यादीवर विसंबू नका. यादीतल्या प्रत्येकीला स्वतः फोन करून पूर्ण रक्कम मिळाली का ते विचारा. जिला मिळालीच नाही, तिच्याकडे तुमचा हप्ता नाही, तो चालवणाऱ्याकडे आहे. तेवढी रक्कम थेट त्यांच्याकडे लेखी मागा आणि हे एकटीने न करता, ज्यांचा नंबर बाकी आहे त्या सगळ्यांना बरोबर घेऊन करा.

९. पैसे येतील तसे खुणा करा

मला दोघींकडून दर महिन्याला हजार-हजार येत गेले. प्रत्येक वेळी मी त्या पानावर तारीख घालून रक्कम लिहिली आणि "मिळाले, राहिले इतके" असा मेसेज पाठवला. बाराव्या महिन्याच्या आठ दिवस आधी उरलेल्या तिघींना आठवण केली. दोघींनी त्या दिवशी दिले. तिसरी म्हणाली अडीच हजार आता, अडीच पुढच्या महिन्यात. मी हो म्हटलं आणि नवीन तारीख पानावर लिहून तिची सही घेतली.

शेवटचे अडीच हजार आले तेव्हा काकूंकडे जाऊन पानाच्या तळाशी "पूर्ण २५,००० मिळाले, आता येणं काही नाही" असं लिहिलं, खाली दोघींनी सह्या केल्या आणि एकेक फोटो काढून घेतला. ग्रुप मी त्या संध्याकाळी सोडला.